वाटणीच्या बैठकीनंतरचा कागद

वडिलांचं वर्षश्राद्ध आटोपलं की बऱ्याच घरांत भावंडं पहिल्यांदा वाटणीचं बोलायला बसतात. पाहुणे गेलेले असतात, बहिणी माहेरी थांबलेल्या असतात, पुण्या-मुंबईचा भाऊ रजा टाकून आलेला असतो. दोन तास बोलणं होतं, चहा होतो, आवाज चढतात, पुन्हा खाली येतात आणि "चला, बरंच ठरलं" म्हणून सगळे उठतात. पंधरा दिवसांनी फोनवर कळतं की काय ठरलं याच्या चार आठवणी आहेत. एक म्हणतो विहिरीचं मिटलं, दुसरी म्हणते विहिरीचा विषय निघाला, पण मिटला नाही. यात कोणी खोटं बोलत असतं असं नाही. आपल्या सोयीचं वाक्य प्रत्येकाच्या लक्षात राहतं आणि त्या वाक्याला जोडून आलेली अट विसरली जाते.

म्हणून आता काही घरांत बैठक फोनवर रेकॉर्ड करतात. पण दोन तासांचं रेकॉर्डिंग पुन्हा कोणी ऐकत नाही. ऐकलंच, तर आपल्याला हवं ते वाक्य शोधण्यासाठी. रेकॉर्डिंगचा खरा उपयोग त्यावरून एक छोटा कागद तयार झाला तरच होतो: कशावर एकमत झालं, कशावर मतभेद राहिला, आणि कशावर कोणी बोललंच नाही. दोन-तीन पानांचा, कोणाचीही बाजू न घेणारा. हा कागद कसा करतात आणि तो कुठे फसतो, हे एका घराच्या उदाहरणातून पाहू. घर नमुन्यासाठी रचलेलं आहे, पण त्यातली भांडणं अनेक घरांत जशी होतात तशीच ठेवली आहेत.

सातारा जिल्ह्यातलं गाव. वडील मृत्युपत्र न करता गेले. आई हयात आहे. थोरला दादा गावात शेती करतो. ताई कराडला दिलेली, अण्णा पुण्यात नोकरीला, धाकटी माई सांगलीला. मिळकत म्हणजे विहिरीलगतची दीड एकर बागायत, माळावरची जिरायत, गावठाणातलं जुनं घर आणि विकास सोसायटीचं पीककर्ज. कागद लिहायला त्यांनी मामाला सांगितलं. ही निवड चांगली होती. मामाला चारही भाचरं सारखी आणि मिळकतीत त्याचा हिस्सा नाही. भावंडांपैकी एकानं लिहिलेला कागद, तो कितीही प्रामाणिक असो, बाकीच्यांना त्याचा कागद वाटतो. जावई किंवा सून यांनी लिहिला तर त्याहून जास्त.

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी मामानं सगळ्यांना विचारलं आणि चौघांचं आणि आईचं "हो" फोनमध्येच घेतलं. लपवून केलेलं रेकॉर्डिंग नंतर बाहेर आलं की पुढची बैठकच होत नाही. मग प्रत्येकानं स्वतःचं नाव सांगितलं, म्हणजे ऐकताना आवाज ओळखता येतात. दोन बहिणींचे आवाज फोनमध्ये किती सारखे येतात हे ऐकायला बसल्यावरच कळतं. तारीख, वेळ, कोण हजर आणि कोण नाही, हे मामानं मोठ्यानं बोलून घेतलं. कोणी मध्येच उठून आत गेलं तर तेही तो बोलून ठेवी: "माई चहा आणायला गेली." त्या क्षणी हे विचित्र वाटतं, पण अख्खा कागद खरा राहतो तो अशा वाक्यांमुळे. बैठक संपताच तीच फाइल चौघांना पाठवली आणि मूळ फाइल मामाच्या फोनमध्ये जशी होती तशी, काटछाट न करता, राहिली.

ऐकायचं दोनदा. पहिल्यांदा सलग, काहीही न लिहिता, कारण बाराव्या मिनिटाला दिलेला होकार सत्तराव्या मिनिटाला मागे घेतलेला असू शकतो. दुसऱ्या वेळी थांबत थांबत, मिनिटं टिपत. सगळं शब्दशः उतरवायची गरज नसते, पण जिथे हिस्सा, पैसा, नाव किंवा अट येते तिथे वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. आणि "वरचं वावर", "तिकडचा तुकडा", "त्यांचं" असे शब्द आले की पुढे कंसात गट नंबर किंवा माणूस लिहायचा. तो कळत नसेल तर अंदाज करायचा नाही, बोलणाऱ्याला विचारायचं.

आता खरा कस लागतो. एकमत कशाला म्हणायचं?

मामाच्या वहीत एकतिसाव्या मिनिटाजवळचं बोलणं असं उतरलं होतं:

दादा: विहीर सामाईकच राहील. तिची काय वाटणी होते?
अण्णा: हां, ते ठीक आहे.
ताई: आणि पाण्याच्या पाळीचं काय?
दादा: ते बघू नंतर.

माई त्या वेळी आत होती. मामानं पहिल्या खर्ड्यात लिहिलं: "विहीर सामाईक ठेवण्यावर सर्वांचं एकमत." वाचताना हे वाक्य चुकीचं वाटत नाही, कारण विरोध कोणीच केलेला नाही. पण रेकॉर्डिंगमध्ये होकार एकाचाच आहे. ताईनं प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. तिच्या दृष्टीनं पाळी ठरली नाही तर सामाईक विहिरीला अर्थच नाही, कारण मोटार आणि वीजजोड दोन्ही दादाच्या ताब्यात आहेत. माईनं तर ते बोलणं ऐकलंच नाही. दुसऱ्या खर्ड्यात नोंद अशी झाली: "विहीर सामाईक राहावी असं दादा म्हणाले, अण्णांनी होकार दिला. ताईंनी पाण्याच्या पाळीबद्दल विचारलं. त्यावर चर्चा झाली नाही. माई त्या वेळी खोलीत नव्हत्या." आणि ही नोंद एकमताच्या यादीतून निघून "अपुरी चर्चा" या भागात गेली.

यातून मामानं स्वतःसाठी एक कसोटी ठरवली, आणि ती मला योग्य वाटते. मुद्दा एकमताचा म्हणायचा तर प्रत्येकानं तो स्वतःच्या तोंडानं, अट न घालता बोललेला असला पाहिजे आणि पुढे कुठे फिरवलेला नसला पाहिजे. गप्प बसणं म्हणजे होकार नाही. "बघू", "तुम्ही म्हणाल तसं", "मला काय, माझं काही नाही" यातलं काहीही होकार नाही. आपल्या घरांत मोठ्या भावापुढे, आईपुढे नाही म्हणायची रीत नसते, म्हणून लोक गप्प बसतात. त्या गप्पपणाला सही समजून लिहिणारा कागद कितीही गोड भाषेत असला तरी तटस्थ नाही.

या कसोटीनं पहिल्या खर्ड्यातले एकमताचे बरेच मुद्दे गळाले. टिकला त्यातला एक नमुना सोसायटीच्या कर्जाचा. दादा म्हणाला, "ऊसबिल आलं की पहिलं सोसायटीचं भरू." ताई म्हणाली, "आधी सोसायटी नील करा, मग बाकीचं." अण्णानं सांगितलं की बोजा असताना वाटणी करण्यात अर्थ नाही. माईचं वाक्य होतं, "कर्ज ठेवून वाटणी नको." शब्द चार तऱ्हेचे, मुद्दा एक, अट कोणाचीच नाही. हे एकमत.

आता ताईचं. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला ती म्हणाली, "मला जमिनीतलं काही नको. फक्त माहेरची एक खोली माझ्या नावानं असू दे." आणि पुढे, अडुसष्टाव्या मिनिटाला, "हक्कसोड करायची म्हणजे मी आधी घरी बोलते." दादाच्या आठवणीत फक्त पहिलं वाक्य राहिलं. पहिल्या खर्ड्यात मामानंही "ताईनं जमिनीवरचा हक्क सोडला" असं लिहिलं. अशा कागदांमध्ये होणारी ही सगळ्यात महागाची चूक आहे. ताई जे बोलली त्यात एक अट आहे आणि एक राखून ठेवलेला निर्णय आहे. ही दोन्ही वाक्यं मिनिटांसह शेजारी शेजारी लिहिली पाहिजेत.

शिवाय स्थावर मिळकतीतला हक्क असा बोलून सुटत नाही. त्यासाठी हक्कसोडपत्र लिहून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. मुलीचा हक्क काय आहे, याबद्दलही अजून बऱ्याच घरांत जुनी समजूत चालते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झाली. तो हक्क मिळण्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. लग्न झालं म्हणून तो हक्क जात नाही. एवढं असूनही "काही नको" म्हणणाऱ्या बहिणी पुष्कळ आहेत, कारण माहेर तुटू नये असं त्यांना वाटतं. तो त्यांचा निर्णय आहे आणि त्याला मान द्यायला हवा. पण तो त्यांनी माहिती असताना घेतलेला असावा.

इथे तटस्थपणाची खरी अडचण येते. मामाला कायदा माहीत आहे. त्यानं कागदात "कायद्यानुसार ताईचा हिस्सा होतो" असं लिहिलं तर दादा म्हणणार, मामानं बाजू घेतली. लिहिलं नाही, तर ताई अजाणतेपणी काही सोडून देईल. मला पटलेला मार्ग असा: कायद्याचं मत कागदात घालायचंच नाही, पण जिथे हक्क कमी होतो, वाढतो किंवा सुटतो अशा प्रत्येक नोंदीखाली एकच वाक्य, सगळ्यांसाठी सारखं, लिहायचं: "या मुद्द्यावर निर्णय देण्याआधी प्रत्येकानं आपल्या वकिलाचा स्वतंत्र सल्ला घ्यावा." ते ताईच्या नोंदीखाली येईल, तसं दादाच्या पाइपलाइनच्या नोंदीखालीही येईल. वाक्य एकट्या ताईसाठी लिहिलं तर ते सूचना ठरतं. सगळीकडे लिहिलं तर ती पद्धत होते, आणि ज्याला गरज आहे तो वाचतो.

दुसरं ऐकणं संपल्यावर मामाच्या लक्षात आलं की रेकॉर्डिंगमध्ये एक गोष्ट कोणीच बोललेलं नाही. दोन तास सगळे "चार हिस्से, चार हिस्से" म्हणत होते. आई समोर बसली होती. तिचं बोलणं सुरुवातीच्या होकाराशिवाय दोनदाच आलं, एकदा देवघराबद्दल आणि एकदा "भांडू नका" म्हणून. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर त्यांच्या हिश्श्याला मुलांबरोबर त्यांची पत्नीही वारस असते. या घरात वारस चार नव्हेत, पाच आहेत. ही चूक कोणी कपटानं करत नाही. आई तर आपलीच, ती कुठे जाणार, असं धरून चाललेलं असतं. पण आईच्या हिश्श्याचा विचार न करता केलेली वाटणी पुढे म्हातारपणी तिला कोणाच्या तरी मर्जीवर ठेवते, हे गावोगाव दिसतं.

ही गोष्ट कागदात कशी आणायची? मामानं "चर्चेत न आलेले मुद्दे" असा एक वेगळा भाग केला आणि लिहिलं: "चर्चेत सर्वत्र चार हिस्से धरले गेले. आईच्या हिश्श्याबद्दल कोणी बोललं नाही. आईंना या विषयावर विचारलं गेलं नाही." एवढंच. वारसाचं गणित नाही, उपदेश नाही. रेकॉर्डिंगमध्ये काय नाही, हेसुद्धा रेकॉर्डिंगमधलंच सत्य आहे. माझ्या मते अख्ख्या कागदातल्या सगळ्यात उपयोगी तीन ओळी याच.

मतभेदाच्या नोंदी लिहिताना वेगळं कौशल्य लागतं. बैठकीतला सगळ्यात मोठा वाद पाइपलाइनचा होता. दादाचं म्हणणं, २०१८ साली विहिरीपासून बागायतीपर्यंत पाइपलाइन केली, चार लाख रुपये लागले, ते मी घातले, म्हणून वाटणीत ते धरले पाहिजेत. अण्णाचं म्हणणं, त्यातले दीड लाख मी वडिलांच्या खात्यात पाठवले होते, आणि सात वर्षं त्या पाण्यावरचं उत्पन्न दादानंच खाल्लं. बहिणी म्हणाल्या, आम्हाला यातलं काही माहीत नाही. आवाज चढले ते इथे.

"पाइपलाइनच्या खर्चावर वाद" अशी एका ओळीची नोंद केली तर पुढच्या बैठकीत तेच भांडण पुन्हा पहिल्यापासून होईल. मामानं वाद सोलून पाहिला. पाइपलाइन २०१८ मध्ये झाली, हे दोघंही म्हणतात. खर्च सुमारे चार लाख झाला, हे अण्णानं नाकारलेलं नाही, पण होही म्हटलेलं नाही. अण्णानं काही रक्कम पाठवली, हे दादानं मान्य केलं. तो म्हणाला, "पाठवले असतील, पण ते दवाखान्याला गेले." म्हणजे उरलेला वाद तीन छोट्या प्रश्नांचा आहे: अण्णानं किती पाठवले, ते कशाला खर्च झाले, आणि असा खर्च वाटणीत धरायचा की नाही. पहिल्याचं उत्तर वडिलांच्या पासबुकात आहे. दुसऱ्याचं काही प्रमाणात दवाखान्याच्या बिलांत. तिसराच प्रश्न खरा भावंडांचा आहे आणि त्यावरच पुढच्या बैठकीत बोलायला हवं. वादाच्या पोटातलं हे एवढं एकमत बाहेर काढणं, हे रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याशिवाय कोणी करू शकत नाही, कारण चिडलेल्या माणसाला आपण काय मान्य केलं ते ऐकूच येत नाही.

पण सोलतानाही खबरदारी लागते. "खर्च सुमारे चार लाख" याला अण्णानं नकार दिला नाही म्हणून तो एकमतात टाकायचा मोह होतो. वर सांगितलेली कसोटी इथेही लागू. तो आकडा "दादांचं म्हणणं" म्हणूनच राहिला.

भाषेत बाजू कुठून शिरते तेही पाहण्यासारखं आहे. पहिल्या खर्ड्यात होतं: "दादांनी चार लाख खर्च केले, पण अण्णांचा दावा आहे की त्यातले दीड लाख त्यांचे होते." दादाचा खर्च इथे घडलेली गोष्ट झाली, अण्णाचं बोलणं दावा झालं, आणि मधल्या "पण"नं अण्णाला अडवणारा ठरवलं. दुरुस्त नोंदीत दोघांनाही एकच क्रियापद मिळालं: "दादांचं म्हणणं: … अण्णांचं म्हणणं: …" मध्ये "पण" नाही, "तरीही" नाही. "कबूल केलं", "हट्ट धरला", "आरोप केला", "मन मोठं केलं" हे शब्द कागदातून सरळ काढून टाकावेत. "मन मोठं केलं" सुद्धा, कारण ज्यानं नाही सोडलं त्याचं मन लहान, असा त्याचा अर्थ निघतोच. कोणाचं म्हणणं आधी येणार याचा क्रम पहिल्यापासून एकच ठेवावा, वयाचा किंवा बोलण्याचा. दोन्ही बाजूंच्या ओळी साधारण सारख्या असाव्यात, आणि प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या कारणासकट यावं. "खाल्लं" हा शब्द अण्णाचा होता. कागदात "उत्पन्न दादांनी घेतलं" असं आलं. शब्द मवाळ झाला, मुद्दा तोच राहिला. अण्णानं खर्डा वाचून याला हरकत घेतली नाही, म्हणून ते चाललं.

आणखी एक बारीक गोष्ट. सवयीनं मामानं "दादा म्हणाले" आणि "माई म्हणाली" असं लिहिलं होतं. घरात बोलताना ते बरोबरच. कागदावर मात्र सगळ्यांना एकच मान हवा, म्हणून माईही "म्हणाल्या" झाली. कागद हातात घेतल्यावर हे माईनं सगळ्यात आधी पाहिलं.

काही भांडणं मतभेदाची नसतातच, ती कागद न पाहिल्याची असतात. माळावरच्या जमिनीवरून दादा आणि अण्णा बराच वेळ वाद घालत होते. दादा म्हणे अडीच एकर, अण्णा म्हणे एक हेक्टर तीन आर, सातबाऱ्यावर बघ. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे अडीच एकर म्हणजे शंभर गुंठे. एक गुंठा म्हणजे एका आरपेक्षा किंचित जास्त, म्हणून एकशे तीन आर म्हणजे जवळपास एकशे दोन गुंठे. फरक दोन गुंठ्यांचा. दादानं आयुष्यभर तोंडात बसलेला आकडा सांगितला होता, अण्णानं कागदावरचा. पण सातबारा नीट पाहिल्यावर आणखी एक गोष्ट निघाली: त्या एकशे तीन आरमध्ये सत्त्याण्णव आर लागवडयोग्य आणि सहा आर पोटखराबा होता. हिस्से पाडताना खडकाळ सहा आर कोणाच्या वाट्याला जाणार, हा प्रश्न बैठकीत निघालाच नव्हता. वाद दोन गुंठ्यांवर चालला होता आणि खरा प्रश्न सहा आरचा होता.

अशा मुद्द्यांसाठी "कागद पाहून ठरणारे" असा भाग ठेवावा आणि प्रत्येकासमोर कोणता कागद हवा ते लिहावं: जमिनीच्या क्षेत्रासाठी सातबारा आणि आठ अ, बांधाच्या वादासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, गावठाणातल्या घरासाठी मिळकतपत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा उतारा, बोज्यासाठी सोसायटीचा दाखला. हा भाग पुढच्या बैठकीत पहिला घेतला तर अर्धं तापमान तिथेच उतरतं, कारण त्यात कोणाला हरावं लागत नाही.

खर्डा तयार झाल्यावर तो चौघांना आणि आईला वेगवेगळा पाठवायचा. एकत्र ग्रुपवर टाकला की पहिल्या हरकतीवर तिथेच दुसरी बैठक सुरू होते. प्रत्येकानं फक्त स्वतःच्या बोलण्याची नोंद दुरुस्त करायची, दुसऱ्याची नाही. "मी असं बोललेच नाही" असं कोणी म्हटलं तर मिनिट सांगून तेवढा भाग ऐकवायचा. "बोलले होते, पण आता माझं मत वेगळं आहे" असं म्हटलं तर जुनी नोंद तशीच ठेवून खाली तारखेसह नवी लिहायची. मत बदलायचा हक्क प्रत्येकाला आहे, पण बैठकीत काय झालं ते बदलता येत नाही. खर्डा वाचून ताईनं अडुसष्टाव्या मिनिटाचं वाक्य ठळक करायला सांगितलं. मामानं नाही म्हटलं, कारण मग दादाचंही काही ठळक करावं लागलं असतं.

आता कायद्याच्या अंगानं दोन खबरदाऱ्या, कारण इथे चांगल्या मनानं केलेला कागदही गळ्याशी येतो.

पहिली, या कागदाला वाटणीपत्र म्हणू नये आणि त्यात वाटणीपत्राची भाषा वापरू नये. कुटुंबातला समझोता तोंडी होऊ शकतो, आणि आधीच झालेल्या समझोत्याची केवळ आठवण म्हणून लिहिलेल्या कागदाला नोंदणी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७६ साली काले विरुद्ध डेप्युटी डायरेक्टर ऑफ कन्सॉलिडेशन या निकालात सांगितलं आहे. पण ज्या कागदानंच हक्क ठरतात, त्याला नोंदणी आणि मुद्रांक लागतो. "या लेखान्वये माळावरची जमीन अण्णास दिली" असं लिहून सगळ्यांनी सह्या केल्या, तर तो बैठकीचा वृत्तांत राहत नाही, आणि नोंदणी नसल्यामुळे वाटणीचा पुरावा म्हणूनही अडतो. म्हणून वरती स्पष्ट लिहावं: "अमुक तारखेच्या चर्चेची नोंद. हा करार नाही. यावरून कोणाचाही हक्क निर्माण होत नाही किंवा सुटत नाही." सह्या घ्यायच्याच असतील तर "नोंद वाचली, माझं म्हणणं बरोबर लिहिलं आहे" एवढ्यापुरत्या घ्याव्यात.

दुसरी, एकमताचा प्रत्येक मुद्दा अमलात येईलच असं नाही. चौघांनी मिळून एखाद्या वावराचे हवे तेवढे तुकडे करायचं ठरवलं, तरी १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानं ठरवलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा करता येत नाही. दीड एकर बागायत म्हणजे साठ गुंठे, पाच वारसांत सरळ भागिले तर प्रत्येकी बारा. आपल्या जिल्ह्यासाठी लागू असलेलं क्षेत्र काय आहे हे तलाठ्याकडे आधी विचारावं. मामानं बागायतीच्या नोंदीपुढे एवढंच लिहिलं: "तुकड्याच्या मर्यादेबद्दल चौकशी बाकी."

या घराचा अंतिम कागद तीन पानांचा झाला. पहिल्या भागात एकमताचे मुद्दे फक्त चार: सोसायटीचं कर्ज आधी फेडायचं, देवघर हलवायचं नाही, यंदाचं पीक दादानं काढायचं, आणि पुढची बैठक दिवाळीनंतर. चौघांनाही तो भाग वाचून आधी वाईट वाटलं. इतकं बोललो आणि ठरलं एवढंच? पण पहिल्या खर्ड्यातले एकमताचे जादा मुद्दे तसेच राहिले असते, तर दिवाळीनंतरच्या बैठकीत ते एकेक करून मोडले असते, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी कोणाला शब्द फिरवणारा म्हटलं असतं. दुसऱ्या भागात मतभेद होते, पाइपलाइन आणि घरातल्या खोल्यांचे. तिसऱ्यात अपुरी चर्चा झालेले, म्हणजे विहीर आणि ताईचं हिश्श्याबद्दलचं म्हणणं. मग कागद पाहून ठरणारे. शेवटी न बोललेले, त्यात आईचा हिस्सा आणि पोटखराबा.

पुढची बैठक कागदांच्या भागापासून सुरू करावी, मग न बोललेल्या मुद्द्यांकडे यावं आणि मतभेद सगळ्यात शेवटी घ्यावेत. आईला तिचं म्हणणं एकटीला बसवून, आधी विचारलेलं बरं. चारही मुलांसमोर ती खरं बोलेल, ही अपेक्षा तिच्यावर लादू नये. पाण्याची पाळी ठरलीच तर वार आणि तास लिहून ठरवावी, आणि विहिरीतले हिस्से सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंदवून घ्यावेत.

सगळ्या मुद्द्यांवर खरं एकमत झालं, तर कागद वकिलाकडे जातो. तिथून पुढे नोंदणीकृत वाटणीपत्र होतं, किंवा शेतजमिनीपुरता जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज होतो. मालकी हक्काचाच वाद असेल तर तहसीलदार तो सोडवू शकत नाहीत, दिवाणी न्यायालयात जावं लागतं. तशी वेळ आलीच, तर रेकॉर्डिंग पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून वाटणीची नोंदणी होऊन सातबाऱ्यावर फेरफार मंजूर होईपर्यंत मामानं ती मूळ फाइल पुसू नये आणि फोन बदलला तरी जुना फोन मोडीत काढू नये.